अमेरिकन वेबसाईटवरून एस्प्रेसो मशीन मागवायचंय : १२० व्होल्ट, पिन आणि वॉरंटीचं काय?

कॉफीवेडा_नाशिक

मंडळी, घरी वापरायचं एक एस्प्रेसो मशीन बरेच दिवस डोळ्यांपुढे आहे. भारतात हे मॉडेल मिळत नाही. एका अमेरिकन दुकानाच्या वेबसाईटवर ते सेलमध्ये आहे आणि ते भारतात पाठवायला तयार आहेत. शिपिंग आणि अंदाजे ड्युटी पैसे भरतानाच दिसते. सगळं धरूनही हिशोब जमतोय.

प्रॉडक्टच्या पानावर वरती मोठ्या अक्षरात 'वर्ल्डवाईड शिपिंग', 'वन इयर वॉरंटी' वगैरे आहे. खाली स्क्रोल करत गेलं की शेवटच्या तक्त्यात हे सापडतं :

```
Voltage: 120V / 60Hz
Power: 1350W
Plug type: US 3-prong
```

प्रश्न तीन. एक, बाजारात जो शे-दोनशे रुपयांचा पिन कन्व्हर्टर मिळतो त्याने भागेल का? दोन, नाही तर काय लावावं लागेल? तीन, ती एक वर्षाची वॉरंटी मला नाशिकमध्ये लागू होईल का? कुणी असं काही मागवलं असेल तर सांगा.

मुलुंडचा_मिलिंद

पिन कन्व्हर्टर अजिबात लावू नकोस, तो नुसता पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेज आपलं २३० आहे ते तसंच पुढे जातं. लॅमिंग्टन रोडला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, २३० चे ११० करतो. १५०० वॅटचा घे आणि विषय संपव. माझ्या चुलतभावाचा अमेरिकेतून आणलेला मिक्सर वर्षानुवर्षं त्यावरच चालतोय. वॉरंटीचं म्हणशील तर कंपनी इंटरनॅशनल आहे, भारतात सर्व्हिस सेंटर असेल तर त्यांना करावंच लागतं.

कॉफीवेडा_नाशिक

धन्यवाद मिलिंद. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जोडला की झालं, बरोबर? वॉरंटीचं नक्की ना?

निवृत्त_वायरमन

मिलिंदरावांचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर, दुसरं अर्धं बरोबर आणि वॉरंटीचं वाक्य चूक. सावकाश सांगतो. पस्तीसेक वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

पिन कन्व्हर्टर लावून सरळ २३० वर जोडलं तर काय होतं ते आधी पाहू. हीटर म्हणजे एक रोध. १२० व्होल्टवर १३५० वॅट म्हणजे त्याचा रोध साधारण १०.७ ओहम. त्याच हीटरला २३० दिले की :

```
P = V² / R = 230² / 10.7 ≈ 4950 W
```

व्होल्टेज दुप्पट झालं नाही तोवर ताकद पावणेचारपट झाली. साडेएकवीस अँपिअर ओढणार. तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी पडेल, पण लगेच पडेलच असं नाही, थोड्याशा जादा लोडवर एमसीबी वेळ घेतो. तोवर मशीनमधला थर्मल फ्यूज जाईल, नाही तर कंट्रोल बोर्ड. बोर्डवरचा छोटा पॉवर सप्लाय १२० साठीच केलेला असेल तर तो पहिल्या सेकंदातच फुटतो, हीटरची पाळीच येत नाही.

आता ट्रान्सफॉर्मर. तो व्होल्टेज उतरवतो, पण आपले ५० हर्ट्झ ५०च राहतात. अमेरिकेत ६० आहेत. मिक्सरला ह्याचं काही वाटत नाही, कारण त्यात कार्बन ब्रशवाली मोटर असते, ती एसीवर चालते आणि डीसीवरही. म्हणून तुमच्या चुलतभावाचं मस्त चाललंय. एस्प्रेसो मशीनमध्ये मात्र बहुतेक वेळा व्हायब्रेटरी पंप असतो आणि इथेच गाडी अडते.

सानिका_नेरुळ

काका, पुढचं वाचायला थांबलेय, पण मध्येच माझं सांगते. दिराने जपानहून राईस कुकर पाठवला होता. तिथे १०० व्होल्ट. पिन दोन चपट्या पात्यांची, आणि आपल्या घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डला जी 'कुठलीही पिन चालेल' अशी भोकं असतात त्यात ती अगदी सुरेख बसते! सासऱ्यांनी तांदूळ धुऊन, पाणी घालून लावला. एक हलका 'टप्' आवाज आला आणि दिवा विझला. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, थर्मल फ्यूज उडालेला आणि बोर्डवर एक काळा डाग. फ्यूज मिळाला, बोर्ड मिळाला नाही. आता त्याच्या भांड्यात पीठ ठेवते.

माझा प्रश्न, जपानमध्ये ५० हर्ट्झ की ६०? दीर ओसाकाला असतो.

निवृत्त_वायरमन

सानिकाताई, ओसाका ६०, टोकियो ५०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ते भांडण अजून मिटलेलं नाही. त्यामुळे जपानमधली घरगुती उपकरणं बहुतेक दोन्हीवर चालतील अशीच करतात. म्हणजे तुमच्या कुकरला हर्ट्झचा त्रास नव्हताच, नुसत्या १०० व्होल्टचा होता. २३० म्हणजे त्याला पाचपटीहून जास्त ताकद मिळाली.

आता पंप. हा एक पितळी-प्लास्टिकचा मुठीएवढा पंप, बाहेर वेटोळं, आत स्प्रिंगवर बसलेला लोखंडी दट्ट्या. वेटोळ्याला एक डायोड जोडलेला असतो, त्यामुळे एसीच्या अर्ध्याच लाटा आत जातात. प्रत्येक लाटेला दट्ट्या एकदा ओढला जातो आणि स्प्रिंग त्याला परत ढकलते. अमेरिकेत सेकंदाला ६० ठोके, आपल्याकडे ५०. इटलीच्या उल्का कंपनीचे पंप ह्या मशीनमध्ये फार दिसतात. त्यांच्यावर व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही छापलेलं असतं, १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा वेगळा आणि २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा वेगळा.

६० चा पंप ५० वर लावला की ठोके सहाव्या हिश्शाने कमी होतात, पाणी थोडं कमी येतं. ते एक वेळ चालेल. पण हर्ट्झ कमी झाले की वेटोळ्याचा अडथळाही कमी होतो आणि त्याच १२० व्होल्टवर करंट वाढतो. पंप जास्त तापतो. तसेही हे पंप सतत चालवायचे नसतात, त्यांच्यावर दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद असं लिहिलेलं सापडतं.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की आपल्या बाजारातले ट्रान्सफॉर्मर १२० नाही, ११० देतात. ५० हर्ट्झवर त्या पंपाला खरं तर १०० व्होल्ट योग्य (१२० गुणिले ५० भागिले ६०). ११० ला थोडा जास्त तापेल, पण लगेच जळणार नाही. उलट हीटरला ११० कमी पडतात, १३५० वॅटचा तो ११३० च्या आसपास उतरतो. मशीन गरम व्हायला वेळ लागेल आणि दुधाची वाफ लवकर दमेल. पंपाला १०० हवेत, हीटरला १२०, आणि ट्रान्सफॉर्मर तर एकच.

मुलुंडचा_मिलिंद

काका, मान्य. हे पंपाचं मला माहीत नव्हतं. पण नेटवर कितीतरी जण ११० वर वापरतात की. दिवसाला दोन कप, प्रत्येकी तीस सेकंद पंप. एवढ्याने काय जळतोय?

निवृत्त_वायरमन

दोन कपांना बहुधा नाहीच जळणार. पाहुणे आले, सहा कप सलग काढले, मग डीस्केलिंगसाठी टाकीभर पाणी त्यातून सोडलं, तेव्हा जळतो. वर्षं किती टिकेल ते मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि नेटवरचा 'चालतं' म्हणणारासुद्धा सांगू शकत नाही.

भाऊसाहेब_सातारा

माझाही हाच प्रश्न आहे. मुलाला अमेरिकन साईटवरून लॅपटॉप घ्यायचा आहे. म्हणजे त्यालाही स्टेप-डाऊन लागणार का? १५०० वॅटचा? तो तर म्हणे दहा किलोचा असतो.

सानिका_नेरुळ

भाऊसाहेब, नाही हो! लॅपटॉपच्या चार्जरच्या डब्यावर बघा, हे लिहिलेलं असतं :

```
INPUT: 100-240V~ 50/60Hz
```

असं असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त डब्यात घुसणारी केबल भारतीय पिनेची घ्यायची. मोबाईल आणि कॅमेऱ्याचे चार्जर बहुतेक असेच. भानगड गरम करणाऱ्या, फिरणाऱ्या आणि मोठ्याने आवाज करणाऱ्या वस्तूंची असते.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, वॉरंटीचा भाग मी घेतो, कारण मिलिंदचं वाक्य वाचून राहवलं नाही.

इथे प्रॉडक्टच्या पानावर 'वन इयर वॉरंटी' लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा 'लिमिटेड वॉरंटी' असतं, आणि लिमिट काय ते वेगळ्या पीडीएफमध्ये. ती उघडून तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, प्रदेश. स्वयंपाकघरातल्या विजेच्या वस्तूंना 'अमेरिका आणि कॅनडात विकत घेतलेल्या आणि तिथेच वापरलेल्या' अशी अट सर्रास असते. घेतलेली आणि वापरलेली, दोन्ही. तुम्ही घेतली इथे, वापरणार नाशिकला, म्हणजे बाहेर. कंपनीचं भारतात सर्व्हिस सेंटर असलं तरी तिथली कंपनी कागदोपत्री वेगळी असते. ते सीरियल नंबर टाकून बघतात, नंबर अमेरिकेतला निघाला की 'पैसे देऊन दुरुस्त करू, भाग असतील तर' एवढंच उत्तर. आणि १२० व्होल्टचे भाग ते कशाला ठेवतील?

दुसरी, व्होल्टेज. 'प्लेटवर लिहिलेल्याहून वेगळ्या विद्युतपुरवठ्यावर वापरल्यास' वॉरंटी रद्द. ट्रान्सफॉर्मर वापरल्यास रद्द, असं स्पष्ट लिहिणारेही आहेत.

तिसरी, विक्रेता अधिकृत आहे का. बऱ्याच कंपन्या 'ऑथोराईज्ड रिटेलर'कडूनच घेतलं तर वॉरंटी देतात. सेलवाली दुकानं कधी कधी कंपनीची नाही, स्वतःची वॉरंटी देतात, आणि ती वॉरंटी म्हणजे 'मशीन आमच्याकडे पाठवा, आम्ही बघू'. नाशिकहून बारा किलोचं मशीन इथे पाठवायचा खर्च आधी विचारून ठेवा.

लॅपटॉपचं मात्र वेगळं, भाऊसाहेब. काही कंपन्या त्यात खरोखर आंतरराष्ट्रीय वॉरंटी देतात, कधी मॉडेलप्रमाणे बदलते. मुलाला नेमक्या त्या मॉडेलचं पान वाचायला सांगा.

कॉफीवेडा_नाशिक

पीडीएफ उघडली. 'purchased and used in the United States or Canada'. तंतोतंत. म्हणजे एक वर्षाची वॉरंटी माझ्यासाठी शून्य महिन्यांची.

वकिलीण_बाई

शून्य म्हणू नका, पण हातात येईल तितकीच म्हणा. आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकलाच. आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम परदेशात नोंदलेल्या पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या वेबसाईटलाही लागू होतात. १९१५ ह्या हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवता येते. कागदावर तुमची बाजू वाईट नाही.

अडचण पुढे आहे. त्या दुकानाचं भारतात ऑफिस नाही, खातं नाही, मालमत्ता नाही. आदेश मिळाला तरी वसूल कुणाकडून करायचा? आणि पानावर १२० व्होल्ट लिहिलेलंच आहे. 'मला चुकीचं मशीन विकलं' असं तुम्ही म्हणूच शकणार नाही.

क्रेडिट कार्डने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो, पण तोही माल आलाच नाही, तुटका आला किंवा वर्णनापेक्षा वेगळा आला तरच. म्हणून ऑर्डर करण्याआधी पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, तो व्होल्टेजचा तक्ता दिसेल असा. लिहिलं २३० आणि आलं १२०, तर तो स्क्रीनशॉट सोन्याचा. उलट झालं तर कामाचा नाही. आणि बँकेकडे लगेच जायचं, त्याला मुदत असते.

एडिसनकर

वकिलीणबाई, पद्धतशीर विकणं ह्याचा अर्थ काय धरतात? हे दुकान रुपयात किंमत दाखवतं आणि भारताची ड्युटी आधीच घेतं. तेवढं पुरे का?

वकिलीण_बाई

माझ्या मते ते तुमच्या बाजूचे चांगले मुद्दे आहेत. समोरचा वकील म्हणेल की सगळ्या देशांना विकतो, भारताला वेगळं काही नाही. ह्यावर मी पैज लावणार नाही.

पणजीकर

मी जरा वेगळ्या वाटेने गेलो, ते सांगतो. मलाही असंच मशीन हवं होतं, पण मी अमेरिका सोडून युरोपातल्या दुकानांकडे बघितलं. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपलंच. पंपाचं दुखणं नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. युरोपबाहेर पाठवताना काही दुकानं तिथला व्हॅट वजा करतात, जर्मनीत तो १९ टक्के आहे, त्यामुळे किंमत वाटते तेवढी जड जात नाही. आपली ड्युटी मात्र वस्तूच्या किमतीवर अधिक शिपिंगवर लागते, ते विसरायचं नाही.

पिन हा एकच प्रश्न उरला. जर्मन पिन दोन गोल खुंट्यांची. घरातल्या बहुपिनी बोर्डात ठोकून बसली, मशीन चालूही झालं. पण कॉफीची पूड भरायच्या पोर्टाफिल्टरच्या दांड्याला हात लावला की बोटांना मुंग्या.

निवृत्त_वायरमन

पणजीकर, ताबडतोब बंद करा ते! जर्मन पिनेला अर्थिंग तिसऱ्या खुंटीतून नसतं. तिच्या दोन कडांना धातूच्या पट्ट्या असतात, आणि त्यांच्या सॉकेटमध्ये त्यांना टेकणारे चिमटे असतात. आपल्या सॉकेटमध्ये ते चिमटेच नाहीत. म्हणजे तुमचं मशीन अर्थिंगविना चाललंय. लोखंडी बॉडी, आत पाणी, आत हीटर. मुंग्या म्हणजे गळतीचा करंट तुमच्या अंगातून जमिनीत जाण्याचा प्रयत्न करतोय.

मशीनच्या मागे बघा. केबल आत कायमची जोडलेली आहे की कॉम्प्युटरला असते तशी उपसता येते?

पणजीकर

बंद केलं काका. मागे कॉम्प्युटरसारखीच आहे, उपसता येते.

निवृत्त_वायरमन

मग नशीबवान आहात, पिन कापायची गरज नाही. कापली की काही कंपन्या तेवढ्यावरूनच वॉरंटी नाकारतात. त्या खाचेत बसणाऱ्या केबलच्या टोकाला सी१३ म्हणतात. त्याच टोकाची भारतीय केबल घ्या, पण कॉम्प्युटरबरोबर येते ती बारीक केबल नको, ती ६ अँपिअरची असते. तुमचं मशीन १३५० वॅट, २३० ने भागा, जवळजवळ ६ अँपिअर, म्हणजे ती काठावर तापेल. दीड चौरस मिलिमीटरची तार आणि १६ अँपिअरचं मोठं थ्री-पिन टॉप असलेली केबल मागा, दुकानदाराला 'यूपीएस, सर्व्हर किंवा कॉफी मशीनची केबल' म्हटलं तर कळतं. ती गीझरसारख्या मोठ्या पॉइंटला लावा. आधी त्या पॉइंटला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, भोक असतं म्हणून तार असतेच असं नाही.

सगळ्या दोन खुंट्यांच्या वस्तू धोकादायक असतात असं मात्र समजू नका. प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ती वस्तू दुहेरी आवरणाची, तिला अर्थिंग लागतच नाही. हेअर ड्रायर, ट्रिमर तसे असतात. कॉफी मशीनवर ते चिन्ह सहसा नसतं.

मुलुंडचा_मिलिंद

काका, मी अजून ट्रान्सफॉर्मर सोडलेला नाही. समजा कॉफीवेड्याने १२० वालंच घेतलं. १५०० वॅटचा पुरेल ना?

निवृत्त_वायरमन

१३५० साठी १५०० घेतला की तो कायम धापा टाकत राहणार. बाजारात डब्यावर लिहिलेला आकडा सढळ हाताने लिहिलेला असतो. २००० व्हीएचा घ्या. आणि हे दोन प्रश्न विचाराच.

पहिला, ऑटो आहे की दोन वेटोळ्यांचा? ऑटो हलका आणि स्वस्त, पण त्यात आतली आणि बाहेरची बाजू एकाच तारेने जोडलेली असते. न्यूट्रल सामाईक. आपल्या सॉकेटमध्ये फेज उजवीकडे असायला हवी, पण जुन्या घरांत उलटी असते. तसं झालं की बाहेरच्या ११० च्या दोन तारांपैकी एक जमिनीच्या मानाने २३० वर असते आणि दुसरी १२० वर. मीटर दोन्हीमध्ये ११०च दाखवतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मशीनचं बटण बंद केलं तरी आतला भाग जिवंत राहतो. दोन वेटोळ्यांचा जड आणि महाग, पण हा घोळ नाही.

दुसरा, अर्थिंग पुढे जातं का? कित्येक डब्यांना बाहेरच्या बाजूला सॉकेट तीन भोकांचं असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. डबा प्लगमधून काढून ठेवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर घ्या, एक टोक डब्याच्या प्लगच्या वरच्या जाड पिनेला, दुसरं बाहेरच्या सॉकेटच्या अर्थ भोकात. बीप वाजला नाही तर तो डबा दुकानदाराला परत द्या.

आणि एक वस्तू कधीच नको, तळहाताएवढा, 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर, १६०० वॅट' लिहिलेला. तो व्होल्टेज उतरवत नाही, लाटेचे तुकडे कापतो. इस्त्रीला चालतो. बोर्ड असलेल्या कुठल्याही मशीनला तो नको.

सानिका_नेरुळ

तोच माझ्या दिराने कुकरबरोबर पाठवला असता तर मी तो लावला असता, खरं सांगते.

एडिसनकर

कॉफीवेडा, एक गोष्ट राहिली. समजा मशीन पहिल्या महिन्यात बिघडलं आणि दुकान भलं निघालं, म्हणालं, 'दुसरं पाठवतो'. ते दुसरं कस्टम्समधून येताना पुन्हा ड्युटी लागते. फुकट आलेल्या वस्तूलाही किंमत धरतात. आणि पहिलं परत पाठवलं तर त्यावर भरलेली ड्युटी परत मागायची तरतूद कस्टम्सच्या कायद्यात कलम ७४ मध्ये आहे, पण त्यासाठी लागणारे कागद घरगुती पार्सलवाला कुणी पुरे करताना मी तरी पाहिला नाही. 'गिफ्ट' लिहून पाठवा म्हणणारे भेटतील. ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात संपली आहे, राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून.

कॉफीवेडा_नाशिक

अमेरिकन बेत रद्द केला. त्याच मॉडेलची युरोपियन आवृत्ती एका इटालियन दुकानात दिसते, किंमत थोडी जास्त. काकांनी सांगितल्याप्रमाणे त्यांना तीन प्रश्न पाठवले : पाठवणार त्याच नगाच्या प्लेटचा फोटो, मागची केबल उपसता येते का, आणि भारतातून वॉरंटी मागितली तर शिपिंग कोण भरणार. त्यांच्या पानावरचा तक्ताही जपून ठेवला, वकिलीणबाईंना सलाम.

उत्तर आलं. फोटोतली प्लेट :

```
220-240V~ 50/60Hz 1350W
```

केबल उपसता येते म्हणतात. वॉरंटीबद्दल : मशीन त्यांच्याकडे पोहोचवायचा खर्च माझा, परत पाठवायचा त्यांचा, 'within EU'. म्हणजे इटलीत माझा कुणी नातेवाईक असेल तरच. गंमत म्हणजे युरोपात विक्रेत्यावर दोन वर्षांची जबाबदारी कायद्यानेच असते म्हणतात, ती मला लागू होते का असं विचारलं तर त्याचं उत्तर दिलं नाही.

वकिलीण_बाई

ते देणारही नाहीत. त्यांना पुन्हा ईमेल करा आणि एवढंच विचारा : 'डिलिव्हरी पत्ता भारत असलेल्या ऑर्डरवर तुमची जबाबदारी किती काळ?' लेखी आकडा आला तर पैसे भरा. गोलमोल आलं तर वॉरंटी नाही असं समजून किंमत ठरवा.

निवृत्त_वायरमन

प्लेटवर ५०/६० दोन्ही आहे म्हणजे पंप त्या दोन्हीला चालेल असाच बसवलेला असावा. तरी पहिल्या दिवशी पंप चालू असताना आवाज ऐकून ठेवा. पाणी असताना एकसारखा जाडसर गुरगुर आवाज असतो. टाकी रिकामी झाली की तो एकदम कर्कश होतो. पुढे कधी टाकी भरलेली असूनही कर्कश झाला तर पंपात हवा अडकलेली असते, वाफेचा नळ उघडून पाणी ओढू द्यायचं.

मुलुंडचा_मिलिंद

इटालियन दुकानाला पैसे कार्डने देणार ना? आणि १६ अँपिअरची ती केबल मला पण एक सांगा कुठे मिळते, चुलतभावाकडे ट्रान्सफॉर्मरचं ते तिसरं भोक तपासायला चाललोय.

पणजीकर

केबल मला इथे पणजीत मिळाली नाही, मडगावला हार्डवेअरवाल्याकडे मिळाली, सी१३ टोक आणि मोठं थ्री-पिन टॉप. लावली, मुंग्या गेल्या. पण काका, वायरमन म्हणतो आमच्या स्वयंपाकघरातल्या पॉइंटचं अर्थिंग 'बऱ्यापैकी' आहे. बऱ्यापैकी म्हणजे किती?

निवृत्त_वायरमन

त्याला मल्टिमीटरने फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज दाखवायला सांगा, फेज-न्यूट्रलच्या जवळपास आलं पाहिजे. मग न्यूट्रल आणि अर्थमधलं, ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. मीटरने एवढंच कळतं की तार कुठेतरी जमिनीला टेकलीय, लोड आल्यावर ती टिकेल की नाही हे नाही कळत. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो. त्याच्याकडे तो आहे का विचारा, आणि मेनला गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का तेही बघा.